रंगवलेली बाटली

मी दूध शीतकरण केंद्रावर टेस्टर होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या दुधातली खोट काढायचं काम करायचो, आणि त्या कामानं माणसाला जी घमेंड येते ती मला पगारापेक्षा जास्त मिळाली होती. सकाळी सहापासून आसपासच्या गावांचे कॅन यायला लागायचे. प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध काचेच्या नळीत घ्यायचं, तेवढंच अल्कोहोल त्यात ओतायचं आणि नळी हलवायची. काचेला फुटलेल्या दुधाच्या कण्या चिकटल्या नाहीत तर दूध टाकीत. चिकटल्या तर कॅन परत. कॅन परत गेलेला माणूस माझ्याकडं असा बघायचा की जणू त्याची म्हैस मीच नासवली.

दुधात फॅट किती ते मोजायला आमच्याकडं अ‍ॅसिडही असायचं. त्याला आम्ही टरकून होतो. एका थेंबानं विजारीला भोक पडायचं. त्यामुळं अ‍ॅसिडची बाटली लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या खिशात. अल्कोहोल मात्र उघड्या फळीवर, कपबशांच्या शेजारी. विजारीला भोक पाडत नाही ते कशाला कुलपात ठेवायचं, असा आमचा सरळ हिशेब.

त्या फळीवरचं थोडं अल्कोहोल मी घरी आणत असे. पिण्यासाठी नाही, एवढा धीट मी कधीच नव्हतो. मला टेपरेकॉर्डर दुरुस्तीचा नाद होता. टेपच्या हेडवर कॅसेटचा मळ बसला की आवाज पोत्यातून आल्यासारखा येतो. काडीला कापूस गुंडाळायचा, अल्कोहोलमध्ये बुडवायचा, हेड पुसायचं, की गाणारा पोत्यातून बाहेर. आमच्या कालव्याकाठच्या वस्तीवरचे सगळे टेप माझ्या हातून गेले होते. त्यातले काही परत चालूही झाले.

हे अल्कोहोल आधी एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत, पाण्यासारखं नितळ असायचं. एकदा उन्हातून आलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पाण्याची समजून तोंडाला लावली. आबा गळ्यात माळ घातलेले, आयुष्यात ताडीसुद्धा न चाखलेले. ओठाला लागल्याबरोबर त्यांनी ते सगळं अंगणात थुंकलं आणि मला हाक मारली.

"आरं, ह्ये काय घरात आणून ठिवलंस?"

"आबा, टेप पुसायचं औषध हाय."

"मग पाण्यागत कशाला दिसतंय ते? माणूस फसंल की!"

इथं माझी अक्कल चालली. जिलबीत घालायचा लाल रंग घरात होता. चिमूटभर त्यात टाकला, आणि मोठी पाहिजे म्हणून सगळं सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत ओतलं. वर बूच बसवलं. आता हे पाणी नाही हे आंधळ्यालाही कळेल, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी न्हाय त्ये कळंल. पण सरबत वाटंल की!"

"सरबत आपल्या घरात कोण करतंय?" मी म्हणालो. हे उत्तर मला त्या वेळी बिनतोड वाटलं होतं.

आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती.

त्या दिवशी रविवार होता. सकाळचं दूध संकलनाचं काम उरकून मी साडेआठला घरी आलो. आबा आणि आई सुप्याला पाहुण्यांकडं गेले होते. बायको कालव्यावर धुणं घेऊन निघाली होती. जाता जाता म्हणाली, "पोरगी काल संध्याकाळी न जेवताच झोपली. आत्ता उठलीय. दूध-चपाती कुस्करून ठिवलीय, तेवढी खायला घाला. ध्यान ठिवा."

"ठिवतो," मी म्हणालो, आणि समोर एक टेप उघडून बसलो. शेजारच्या वस्तीवरच्या पाहुण्याचा होता, दुपारी न्यायला येणार होता. सतरंजीवर स्क्रू, कापूस, काड्या, आणि मांडीजवळ लाल बाटली. बूच काढलेलं. पुन्हा पुन्हा काढायला लागतं म्हणून ते मी बसवतच नसे.

मुलगी तिची भातुकली घेऊन माझ्या पाठीमागं बसली. पितळी पेले, चिमुकला तांब्या, एक कान तुटलेली बाहुली. दूध-चपातीचा एक घास मी तिच्या तोंडात घातला, तो तिनं बाहुलीच्या तोंडाला लावला आणि बाहेर ठेवून दिला. "बरं, बाहुली जेवली तर तू पण जेवलीस," असं म्हणून मी परत टेपमध्ये डोकं घातलं.

थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्याला हात लावला.

"सरबत घ्या."

तिच्या हातात पेला होता, त्यात लालसर पाणी. कुंकू पाण्यात कालवून असं सरबत ती आधीही करायची. त्यावरून तिनं आपल्या आईच्या दोन चापट्या खाल्ल्या होत्या. मी पेला हातात घेतला. बाप लोक करतात तेच केलं. पेला ओठाजवळ नेला, न टेकवताच 'भुर्रर्र' असा आवाज काढला, मान मागं टाकली, ओठांवरून जीभ फिरवली.

"वा! गोड झालंय. आता तू पी."

पेला मी तिच्या हातात परत दिला.

माझ्या बोटांना, नाकाला, कापसाला सगळीकडं त्याच द्रवाचा वास होता. त्या पेल्याला वेगळा वास कुठून येणार? तिनं माझी बाटली भातुकलीच्या तांब्यात ओतली होती, त्यात पाणी घातलं होतं, आणि बापानं गोड आहे म्हटल्यावर ते ती प्यायला लागली होती. एक ठसका मी ऐकला. "हळू," एवढं म्हणालो. मागं वळून बघितलं नाही. तिनं माझा पेला संपवला, तिचा संपवला, आणि बहुतेक बाहुलीचाही.

हेड पुसून झालं. कॅसेट घातली, गाणं खणखणीत लागलं, आणि मी खूश झालो. मुलगी उठून नाचायला लागली. गाल लाल, डोळे चमकदार, पाय एकात एक अडकतायत. पडली, उठली, परत पडली, खदखदा हसली. मी टाळ्या वाजवल्या. हे लिहायला मला अजून जड जातं. माझी लेक माझ्यासमोर विषानं झोकांड्या खात होती आणि मी तालावर टाळ्या वाजवत होतो.

मग ती भिंतीला टेकून बसली आणि हसायची थांबली. बायको धुणं घेऊन दारात आली तेव्हा मी अभिमानानं म्हणालो, "बघ, नाचून नाचून दमली."

बायकोनं बादली ठेवली आणि मुलीला उचललं. उचलल्याबरोबर तिचं तोंड बदललं.

"अवो, हिच्या तोंडाला वास येतोय. दारूचा."

"माझ्या हाताचा आसंल."

"हिच्या तोंडाचा म्हणतीय मी!"

तेव्हा मी बाटलीकडं बघितलं. तिचा तळ दिसत होता. सतरंजीच्या मागच्या बाजूला लाल ओल होती. तांब्यात थोडं उरलं होतं. किती सांडलं, किती पाण्यात मिसळलं, किती पोटात गेलं, सांगणारी एकटी होती आणि तिला नीट तीनपर्यंतही मोजता येत नव्हतं.

शेजारच्या आत्या आरडाओरड ऐकून आल्या. ह्या आत्यांकडं प्रत्येक दुखण्याला एकच औषध होतं.

"मिठाचं पाणी पाजा. ओकंल, मोकळी हुईल."

मी खरोखरच पेलाभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं. पण मुलीची मान खांद्यावर लोळत होती. बायकोनं माझा हात बाजूला ढकलला, पाणी माझ्याच अंगावर सांडलं. "तिला गिळता येत न्हाय, दिसत न्हाय का?" ती म्हणाली. त्या सकाळी घरात एकाच माणसाचं डोकं ठिकाणावर होतं, आणि ते माझं नव्हतं.

उलट मी म्हणालो, "झोपू दे. झोपली की उतरंल."

हे ज्ञान मी माझ्या चुलत्याकडून मिळवलं होतं. ते बाजाराच्या दिवशी पिऊन यायचे, ओट्यावर झोपायचे आणि संध्याकाळी उठून चहा मागायचे. अकरा किलोच्या पोरीला मी ऐंशी किलोच्या चुलत्याच्या मापानं मोजत होतो. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिला गोधडीवर निजवून बघत बसलो. ती शांत झोपली आहे असं मला वाटत होतं. बायको तिच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "गार पडलीय. घामानं चिंब झालीय. हाक मारते तर डोळं उघडत न्हाय."

मी हाक मारली. चिमटा काढला. पापणी हलली, बस.

मग मात्र मी पळालो. केंद्रावरचा दुधाचा टेम्पो बारामतीला निघाला होता. ड्रायव्हर आमच्याच वस्तीवरचे, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मी त्यांच्या चाकासमोर उभा राहिलो.

"पोरगी... बारामतीला..."

"बसा," तात्या म्हणाले. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. बायको मुलीला मांडीवर घेऊन पुढं बसली, मी दरवाज्याला टेकून. मागं कॅन खडखडत होते. लासुर्णे गेलं. रविवार असल्यानं रस्ता मोकळा होता, तरी पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. तात्या हॉर्न वाजवत राहिले आणि बैल त्यांच्या चालीनं चालत राहिले. बैलांना कसली घाई! मी खिडकीतून हात काढून गाडीवानांना विनवत होतो आणि ते समजत होते की मी टाटा करतोय. एकानं उलटा हात हलवला.

सणसरच्या पुढं मुलगी ताठ झाली. डोळे वर गेले आणि हातपाय झटके द्यायला लागले.

"तात्या, चक्कर आली हिला! कांदा हुंगवू का?" मी किंचाळलो.

"हितं कांदा कुठनं आणू?" तात्या ओरडले. त्यांच्या धाकट्या भावाला फिट यायच्या, त्यामुळं त्यांना माहीत होतं. "कुशीवर वळवा तिला. तोंडात काय घालू नगा. धरून ठिवू नगा, नुसतं पडू दिऊ नगा."

बायकोनं तिला कुशीवर वळवलं. तोंडातून लालसर लाळ आली. मी काय केलं? मी काहीच केलं नाही. मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. दुधाला कण्या आल्या की कॅन परत पाठवायचा, एवढंच मला येत होतं. काटेवाडीपर्यंत मी फक्त तिची छाती हलतेय का ते बघत होतो. मधेच टेम्पो खड्ड्यात आदळायचा आणि हललं ते छाती की गाडी, हे कळायचं नाही.

बारामतीत लहान मुलांचा एक दवाखाना तात्यांना माहीत होता. तात्यांनी दुधाचा टेम्पो थेट पायरीपर्यंत नेला. डॉक्टरीणबाई मधल्या वयाच्या, बारीक चणीच्या. मुलीला टेबलावर घेतल्या घेतल्या त्यांनी विचारलं, "काय झालं?"

आणि मी खोटं बोललो.

"काय न्हाय मॅडम, खेळता खेळता झटका आला."

केंद्राचं अल्कोहोल घरी नेलं हे कळलं तर नोकरी जाईल, ही भीती होती. आणि दुसरी भीती त्याहून हलकट होती: पोरीला बापानं दारू पाजली असं म्हणतील.

"ताप होता?"

"होता थोडा."

डॉक्टरीणबाईंनी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही; वेळ नसलेला माणूस बघतो तसं.

"मी तापाचे उपचार सुरू करू?"

बायकोनं पदराखालून लाल बाटली काढून टेबलावर ठेवली. ती तिनं घरातून निघतानाच उचलली होती, मला न सांगता.

"ह्ये प्यालीय. दूध तपासायचं अल्कोहोल हाय. हे केंद्रावर कामाला हायत. कालच्या संध्याकाळपास्नं पोटात अन्न न्हाय."

"दुकानातलं स्पिरिट, की शुद्ध?" त्यांनी मला विचारलं. "यात मिथिल, म्हणजे विषारी अल्कोहोल, मिसळलेलं असतं का? नीट आठवून सांगा. त्यावर पुढचं ठरणार आहे."

हे मात्र मला माहीत होतं. "न्हाय. इथिल. अडुसष्ट टक्के. मोठ्या बाटलीवर इथिल लिहिलेलं असतंय, अडुसष्ट मीच पाणी घालून करतो. लाल रंग खाण्याचा हाय."

"कधी प्याली?"

"नऊच्या सुमारास."

बोलत असतानाच त्यांनी मुलीच्या बोटाला टोचलं होतं आणि रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला होता. पट्टीवरचा चौकोन रंग बदलतो, आणि तो डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. आयुष्यभर मी नळ्या हलवून हेच केलेलं. डबीवरचं शेवटचं, सगळ्यात फिकट घर मला लांबूनही ओळखू आलं. आमची पट्टी त्याहून फिकट होती.

"साखर जवळजवळ नाहीच," डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या. "ग्लुकोज भरा."

गारठलेल्या एवढ्याशा हातात शीर सापडेना. एका हातात टोचलं, दुसऱ्यात टोचलं, मग पायात. प्रत्येक वेळी मी श्वास धरायचो आणि नर्स मान हलवायची. शेवटी घोट्याजवळची शीर लागली. ग्लुकोज हळूहळू आत गेलं. नाकाला ऑक्सिजन लावला, अंगावर ब्लँकेट टाकलं. पाचएक मिनिटांत मुलीनं डोळे उघडले, आमच्यापैकी कुणालाच न ओळखता आजूबाजूला बघितलं आणि भोकाड पसरलं. तसलं सुंदर भोकाड मी आधी ऐकलं नव्हतं.

मी लगेच माणसात आलो. म्हणजे मूर्खपणा करायला मोकळा झालो. "मॅडम, मग नेऊ का? मला संध्याकाळच्या दुधाला हजर राहावं लागतंय."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"तुम्ही टेस्टर ना? मग ऐका, तुम्हाला कळेल. आपण जेवलो नाही तरी रक्तातली साखर टिकते, कारण यकृत साठ्यातली साखर सोडतं. लहान मुलाच्या यकृतात साठा थोडाच. ही कालपासून उपाशी, म्हणजे तो सकाळीच संपत आलेला. साठा संपला की यकृत नवी साखर तयार करतं. अल्कोहोल नेमकं तेच काम बंद पाडतं. कळलं? टाकी रिकामी, आणि भरणारा पंपही बंद."

"पण आता भरलं की मॅडम, तुमी."

"मी वरून ओतलं. पंप अजून बंदच आहे. अल्कोहोल रक्तात असेपर्यंत साखर पुन्हा उतरू शकते, काही तासांनीसुद्धा. शिवाय श्वास मंदावतो, अंग गार पडतं. म्हणून ही इथंच राहणार आणि मी पुन्हा पुन्हा तपासणार."

"आमी तिला झोपू दिलं," बायको हळूच म्हणाली.

"साखर उतरलेलं मूल झोपल्यासारखंच दिसतं. तिथंच माणसं फसतात."

मी मिठाच्या पाण्याचंही सांगून टाकलं. एकदा खरं बोलायला लागलो की मी थांबत नाही. त्या म्हणाल्या, "पाजलं नाहीत ते बरं केलंत. अर्धवट शुद्धीत ओकवलं की ते छातीत जातं. मीठही लहान मुलाला घातक. आणि असं गुंगीतल्या मुलाच्या तोंडात साखरसुद्धा घालायची नाही. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तर काहीतरी गोड देत देत दवाखाना गाठायचा. झोकांड्या दिसायची वाटसुद्धा बघायची नाही."

तात्या दारात उभे होते. त्यांच्या टेम्पोतलं दूध तापत होतं. "तुमी थांबा," ते मला म्हणाले. "साहेबांना काय सांगू?"

"खरं सांगा," बायको म्हणाली. मी अजून विचारच करत होतो.

बारा वाजता पट्टीचा रंग चांगला आला. मुलीनं बिस्कीट मागितलं, डॉक्टरीणबाईंनी "एक द्या" म्हटलं. मी ते आणायला पळत गेलो आणि चार पुडे आणले. एक वाजताही पट्टी ठीक. मला वाटलं, सुटलो.

दोनच्या सुमारास ती परत पेंगायला लागली. दुपारची वेळ, सकाळपासून दमलेली. कुठलंही पोर पेंगलं असतं. पण आता मला झोप बघवत नव्हती. मी तिच्या गालावर टिचकी मारली. तिनं मान फिरवली नाही. ब्लँकेट उचलून बघतो तर पायाला, सुई होती तिथं, पावभाजीच्या पावाएवढी सूज. ग्लुकोज शिरेत जात नव्हतं, कातडीखाली साठत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक.

मी ओरडलो. नर्स आली, डॉक्टरीणबाई अर्धवट जेवण टाकून खरकट्या हातानं आल्या, हात धुऊन त्यांनी बोट टोचलं. पट्टी परत फिकट.

त्या वेळचं माझं वर्णन करायचं तर खोलीत एक अडगळ होती आणि ती मी होतो. नर्स म्हणाली सरका, सरकलो. तिकडं गेलो तर तिथं ट्रॉली. बाहेर जावं तर पाय निघेनात. पुन्हा शीर शोधणं, पुन्हा टोचणं, पुन्हा मान हलवणं. बायको मुलीचं डोकं धरून काहीतरी पुटपुटत होती. मी देवाला काय म्हणणार? पेला माझ्या हातात आला होता, आणि देवानं एवढी सोय केली असताना मी तो चाखला नव्हता. नुसती जीभ लावली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं.

या वेळी शीर डोक्यावर सापडली. कानाच्या वर थोडे केस काढून तिथं सुई बसवली. ग्लुकोज गेलं. मुलगी हलली. पण भोकाड नाही, नुसती कण्हली. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ अर्धा तास उभ्या राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

तीननंतर ती पूर्ण जागी झाली. पाचला पट्टी ठीक, सहाला ठीक. साडेसहाला डॉक्टरीणबाई केसपेपर घेऊन आल्या.

"ते घरात ठेवता कुठं?"

"फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी."

"बाटली मूळची कशाची?"

"सरबताची."

"रंग का घातला?"

मी आबांची गोष्ट सांगितली. त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. "म्हणजे मोठा माणूस फसू नये म्हणून लहानासाठी सापळा लावलात," त्या म्हणाल्या. "मूल वाचत नाही. ते रंग बघतं, बाटली बघतं, आणि आपण काय पितो ते बघतं. असल्या गोष्टी आणल्या त्याच बाटलीत, नाव असलेल्याच ठेवायच्या. खाण्यापिण्याच्या भांड्यात कधीच ओतायच्या नाहीत. उंचावर, आणि कुलपात. नुसतं उंचावर पुरत नाही, मुलं डब्यावर डबा ठेवून चढतात. वापरताना बूच लगेच बसवायचं. फोन आला, हाक आली, तर बाटली हातात घेऊन उठायचं. आणि घरात गरजच नसेल तर आणायचंच नाही. पाहुण्यांचे उरलेले ग्लास, अत्तर, दाढीनंतर लावायचं पाणी, सगळ्याला हेच."

त्या बोलत होत्या आणि त्यांनी केसपेपरवर लिहिलं: वडिलांच्या बाटलीतून. एवढे दोनच शब्द मला उलटे दिसत होते, तरी वाचता आले.

पुढं कितीतरी वर्षांनी घराघरात, दुकानादुकानात हात पुसायचे सॅनिटायझर आले, तेव्हा लोकांना ते साबणाचं भावंड वाटायचं. रंगीत, वासाचं, टेबलावर पोराच्या हाताला येईल असं ठेवलेलं. त्यातही अल्कोहोलच, आणि आमच्या नळीतल्याइतकंच कडक. मी ज्याच्या घरी जाईन तिथली बाटली उचलून कपाटावर ठेवायचो. लोक म्हणायचे, म्हातारा विचित्र आहे. एका लग्नात तर मी पाहुण्यांच्या टेबलावरच्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि त्या चोरतोय असं समजून वरबापानं मला हटकलं. तिथं जमलेल्या सगळ्यांना मला ही सकाळ पहिल्यापासून सांगावी लागली.

साहेबांनी मला आठ दिवस घरी बसवलं. नोकरी गेली नाही. परत गेलो तेव्हा अल्कोहोल अ‍ॅसिडशेजारी कपाटात होतं, आणि साहेबांनी ते माझ्याकडं न बघता दाखवलं.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं. रात्रभर साखर एकदाही उतरली नव्हती. डोक्यावरची सुई काढली. मुलगी मांडीवर बसून दूध प्याली, पोहे खाल्ले, आणि नर्सच्या घड्याळाकडं बोट दाखवून ते मागायला लागली.

"आता न्या घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचे दोन दिवस उपाशी ठेवू नका. पेंगली, ओकली, वेगळी वाटली तर लगेच आणा."

बायकोनं पिशवी उचलली. मी तिथंच उभा.

"काय झालं?"

"मॅडम, एकदा बघा की अजून."

"आत्ताच बघितली. चांगली आहे."

"तरी एकदा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग डबी उघडली. मुलीला डबी आता ओळखीची झाली होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. मला ते हात पुढं ओढावे लागले. टोचल्याबरोबर ती किंचाळली, लाथ मारली, पट्टी माझ्या शर्टाला लागून खाली पडली, दुसरी घ्यावी लागली, परत टोचावं लागलं. या वेळी रंग आला. भरघोस, गडद. डबीवर तो कुठल्या घरात बसतो ते डॉक्टरीणबाईंनी सांगायच्या आधी मीच बोट ठेवलं.

"झालं समाधान?"

झालं नव्हतं. होणारही नव्हतं. पण मी मान हलवली.

मी मुलीकडं हात पसरले. "चल, घरी जाऊ."

तिनं टोचलेलं बोट तोंडात घातलं, माझ्याकडं डोळे वटारून बघितलं आणि आईच्या गळ्याला मिठी मारली. एसटी स्टँडपर्यंत मी पिशवी घेऊन त्यांच्या मागून चालत होतो. गाडीत बसल्यावरही ती माझ्या बाजूला आली नाही. आईच्या पलीकडून अधूनमधून वाकून बघायची, मी आहे का ते, आणि परत तोंड फिरवायची. इंदापूर गाडी बारामतीच्या बाहेर पडेपर्यंत तिला झोप लागली. बायकोनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. मग मी धरलं. मग परत तिनं.